कापल्यावर किती उरेल

माझे दाजी पुंजाजी गवंडी होते. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या त्या पट्ट्यात अशी पाच-सात गावं असतील, जिथली शाळेची खोली, विहार, नाल्यावरचा पूल यांतलं काही ना काही त्यांच्या हातचं आहे. बाहत्तरच्या दुष्काळात ते दहा वर्षांचे होते. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. तिथंच एका म्हाताऱ्या गवंड्यानं त्यांच्या हातात ओळंबा दिला आणि पुढं जन्मभर त्यांनी तेच केलं. बोलणं कमी. दारू तर सोडाच, त्यांनी कधी तंबाखूसुद्धा तोंडात धरली नाही.

हे आधीच सांगतो, कारण त्यांच्या लिव्हरला गाठ आहे हे कळल्यावर गावात पहिला प्रश्न हाच आला, "काहून, पुंजाजी पीत व्हता का?" माझी बहीण जनकाबाई, म्हणजे आमची अक्का, या प्रश्नानं जेवढी रडली तेवढी गाठ ऐकूनही रडली नव्हती.

खरं कारण तीन वर्षं आधी समजलं होतं. चौदा एप्रिलला जयंतीच्या निमित्तानं सेनगावात रक्तदान शिबिर झालं. दाजींनी हौसेनं रक्त दिलं. महिन्याभरात रक्तपेढीतून निरोप आला की हे रक्त वापरता येणार नाही, हिपॅटायटिस बी, म्हणजे 'बी' प्रकारची कावीळ आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा विषाणू बहुतेक जन्मापासूनच, आईकडून आलेला असणार, आणि इतक्या वर्षांत त्यानं लिव्हर आतून कडक करून टाकलं आहे. रोज एक गोळी सुरू झाली. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. अक्का आणि पोरं तपासली, त्यांना लसी दिल्या. दाजींचा धाकटा भाऊ जळबा मात्र म्हणाला, "मला काय धाड भरली?" आणि गेला नाही.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातल्या सोनोग्राफीत बोराएवढी गाठ दिसली. मग शिरेत रंगाचं औषध सोडून सीटी स्कॅन काढला. नांदेडच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. रंग शिरताच ती गाठ बाकीच्या लिव्हरच्या आधी चमकली आणि थोड्या वेळानं बाकी लिव्हर उजळ असताना ती काळवंडली. "विषाणू असलेल्या कडक लिव्हरमध्ये गाठ अशी वागली तर तुकडा काढून तपासायचीही गरज नसते," ते म्हणाले. "कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय. औरंगाबादला जा, उशीर करू नका."

मी कळमनुरीला शाळेत शिक्षक. सुट्ट्या होत्या. म्हणून बरोबर मी गेलो, अक्का आली आणि जळबाही आला. जळबा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, तापट माणूस, पण भावावर जीव. एसटीत पूर्ण रस्ताभर तो दाजींना वारा घालत बसला होता.

औरंगाबादच्या त्या मोठ्या दवाखान्यात पोटविकाराच्या डॉक्टर जिंतूरकर बाईंकडे आमची फाईल गेली. पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी दाजींच्या डोळ्यांत पाहिलं, पोट दाबून पाहिलं, पाय दाबून पाहिले. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. घशातून दुर्बीण घालून अन्ननलिका तपासली, तिथं शिरा फुगलेल्या निघाल्या. त्या फुटून रक्ताची उलटी होऊ नये म्हणून त्यांना तिथल्या तिथं रबराची बारीक वेढणी घातली. आम्ही बाहेर बाकावर. अक्का पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर हट्ट्याकडचे किसनराव होते. बागायतदार, अंगानं भरलेले. त्यांनाही लिव्हरचाच कॅन्सर, पण गाठ मोसंबीहून मोठी. सर्जननं त्यांचं ऑपरेशन ठरवलं होतं. डाव्या बाजूचा भाग गाठीसकट काढून टाकणार. ऑपरेशन झालं, ते आयसीयूतून परत आले आणि हळूहळू बायकोचा हात धरून वॉर्डात चालायलाही लागले. जळबा ते रोज बघत होता.

"दादाचं कधी कापतेत?" तो मला रोज विचारायचा.

शेवटी बाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. सर्जनही बसले होते. बाई दाजींकडेच बघून बोलल्या.

"पुंजाजी, तुमच्या गाठीवर सध्या ऑपरेशन करायचं नाही असं आमचं मत आहे. सुई घालून ती जाळायची."

"न्हाई म्हंजे?" जळबा उभाच राहिला. "कापायचं काहून न्हाई?"

सर्जन म्हणाले, "गाठ छोटी आहे, पण उजव्या भागात खोल आहे. ती काढायची तर जवळजवळ सगळा उजवा भाग काढावा लागेल. मागं एक तृतीयांश उरेल. निरोगी लिव्हर असतं तर तेवढ्यावर माणूस जगला असता, लिव्हर वाढूनही आलं असतं. यांचं उरलेलं लिव्हर कडक आहे. ते वाढत नाही आणि तेवढ्यावर निभावतही नाही."

"तिकडं त्या किसनरावाची एवढी मोठी गाठ," जळबानं दोन्ही हातांनी दाखवलं, "ती कापली. आमची बोराएवढी, तर आमाला सुई?"

"किसनरावांचं बाकीचं लिव्हर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "इथं गाठीच्या आकारापेक्षा मागं काय उरतं ते बघावं लागतं. पुंजाजींची प्लीहा वाढलीय, रक्तातल्या प्लेटलेट कमी आहेत, अन्ननलिकेत शिरा फुगल्यात. लिव्हर कडक झाल्यामुळं आत रक्ताचा दाब वाढला की असं होतं. अशा माणसाचं मोठं ऑपरेशन केलं, तर गाठ जाते, पण नंतर पोटात पाणी होतं, कावीळ चढते, आणि माणूस गाठीनं नाही तर ऑपरेशननं जातो. सुईनं गाठ आणि भोवतीचा थोडा भाग जळतो, बाकीचं लिव्हर राहतं. तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीवर त्याचा गुण चांगला येतो."

दाजी पहिल्यांदा बोलले. "म्हंजे घरच कच्चं हाय, तर मधली भित पाडू नये, असंच ना?"

"असंच."

जळबाला ते पटलं नाही. तो दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "बाई, एक विचारतो, राग धरू नका. किसनराव पाटील हाय म्हणून त्याला ऑपरेशन, अन् आमी विहारातले म्हणून आमाला सुई, असं तर न्हाई ना?"

मी मान खाली घातली. पण खोटं कशाला बोलू, मनात थोडं माझ्याही ते येऊन गेलं होतं. दाजींची आणि जळबाची आई एका दवाखान्याच्या व्हरांड्यात पडून राहिली होती, आत कुणी घेतलं नव्हतं, आणि तिथंच ती गेली होती. जळबा तेव्हा तिच्या उशाशी होता.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी दोघांचे स्कॅन शेजारी शेजारी लावले. किसनरावांचं लिव्हर कडेला गुळगुळीत, दाजींचं उंचसखल, आक्रसलेलं, शेजारी प्लीहा फुगलेली. "तुम्ही विचारलंत ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या जागी माझा भाऊ असता तरी मी हेच सांगितलं असतं. दुसरीकडं दाखवायचं असेल तर सगळे कागद देते. पण वेळ घालवू नका, आणि गोळी एक दिवसही बंद करू नका."

आम्ही सुईसाठी तारीख घेऊन गावी आलो. त्या तारखेला कुणी गेलंच नाही.

माझी शाळा सुरू झाली होती, मी कळमनुरीत. मला वाटलं, दाजी गेले असतील. इकडं जळबानं त्यांना विदर्भाच्या बाजूला कुठल्या तरी वैदूकडं नेलं होतं. तो झाडपाल्याचा काढा देत होता आणि म्हणायचा, काढा चालू असेपर्यंत दुसरं औषध पोटात नको. दाजींनी रोजची गोळी सोडली. का सोडली, हे मी त्यांना पुढं विचारलं. ते म्हणाले, "मास्तर, जळबा रडत व्हता. त्याला न्हाई म्हणवेना."

दिवाळी होऊन गेल्यावर अक्काचा फोन आला. "हरी, तू ये. तुझ्या दाजीचं पोट सुजलंय, डोळे पिवळे झाल्यात."

मी गेलो तेव्हा दाजी ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. हात काडीसारखे, पोट तट्ट, पायांवर बोट दाबलं तर खळगा राहत होता. जळबा दूर उभा. त्याच्याकडं बघवत नव्हतं. जीप करून आम्ही आधी हिंगोलीला आलो आणि तिथून रेल्वेनं औरंगाबादला गेलो. दाजी झोपले की अक्का त्यांच्या नाकाशी हात नेऊन बघायची.

जिंतूरकर बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि खुर्चीत मागं टेकल्या. गोळी बंद केल्यामुळं विषाणू उसळला होता. काढ्यात काय होतं देव जाणे, त्यानंही भर घातली असेल.

"आता सुई कधी?" मी विचारलं.

"आता काहीच नाही," त्या म्हणाल्या. "हे लिव्हर आज सुईसुद्धा सोसणार नाही. पोटात पाणी आहे, रक्त गोठत नाही, कावीळ आहे. आज आपण गाठीच्या मागं लागलो तर माणूस हातचा जाईल. आधी लिव्हरला सावरू द्यायचं. सावरलं तर पुढचं."

"अन् न्हाई सावरलं तर?" अक्कानं विचारलं.

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "मग एकच मार्ग असतो, लिव्हर बदलणं. गाठ एवढी लहान आहे तोवर तो खुला असतो. त्यात रोगी लिव्हर आणि गाठ दोन्ही एकदम जातात. मृत माणसाचं लिव्हर मिळायला वाट बघावी लागते. नाहीतर घरातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा."

"माझं घ्या," जळबा म्हणाला. इतके दिवस तो बाईंसमोर आला नव्हता. "बाई, माझं सगळं घ्या. मी धडधाकट हाय. ह्यो सगळा घोळ माझ्यापायी झाला."

"सगळं लागत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "आधी रक्त तपासू."

जळबाच्या रक्तात तोच विषाणू निघाला. दोघं एकाच आईचे. बाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, तेव्हा त्याला आधी ते कळलंच नाही. "म्हंजे माझं चालणार न्हाई?" एवढंच तो विचारत राहिला. त्याला स्वतःलाही तो आजार आहे, त्याचीही आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागणार, हे त्याच्या डोक्यात शिरायला दुसरा दिवस उजाडला. त्या दिवशी तो दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "मास्तर, मायनं आमा दोघांलाबी दिलं. तिला बिचारीला ठावं बी नव्हतं." अक्काला विषाणू नव्हता, पण तिचा रक्तगट जुळेना. पोरगी नुकतीच बाळंतीण झाली होती, मुलगा अजून अठराचा व्हायचा होता. दाजी म्हणाले, "लेकराच्या पोटाला हात लावायचा न्हाई." तो विषय तिथंच थांबला. त्यांचं नाव मात्र वाट बघणाऱ्यांच्या यादीत घालायची तयारी बाईंनी सुरू केली.

मग सुरू झाला तो सगळ्यात वाईट काळ. गाठ आत वाढते आहे हे माहीत, आणि तिला हात लावायचा नाही. गोळी पुन्हा सुरू. लघवीवाटे पाणी काढायच्या गोळ्या. जेवणातलं मीठ बंद. अक्का बिनमिठाचं वरण करायची आणि घरातले सगळे तेच खायचे. दाजींचं रोज वजन घ्यायचं. अर्धा किलो उतरलं की अक्काचा चेहरा उतरायचा नाही, उलट उजळायचा. मी शाळेत फळ्यावर गणित लिहिता लिहिता थांबायचो. वाटायचं, आपण थांबलोय, पण ती गाठ काही थांबली नसेल.

दाजी मात्र शांत. एकदा रात्री जेवताना ते म्हणाले, "भ्या वाटतंय मास्तर. पण तुमच्यासमोर दाखवलं तर तुमी अजून भ्याल." मी उठून बाहेर गेलो.

उन्हाळ्याच्या तोंडाला डोळ्यांतला पिवळेपणा गेला. पोटातलं पाणी सोनोग्राफीतही दिसेना. आम्ही पुन्हा बाईंच्या खोलीत. त्यांनी रिपोर्ट बराच वेळ वाचला.

"लिव्हर सावरलंय. पूर्वीइतकं नाही, पण काम करण्याजोगं," त्या म्हणाल्या. "गाठ मात्र वाढलीय. बोराची आता छोट्या लिंबाएवढी झाली."

अक्कानं डोळे मिटले.

"नुसत्या सुईनं एवढी गाठ कडेला जिवंत राहायची भीती आहे. म्हणून दोन टप्पे करू. आधी तिचं रक्त तोडायचं, मग सुई."

जळबानं विचारलं, पण यावेळी आवाज वेगळा होता. "रक्त तोडायचं म्हंजे, बाई? लिव्हरचंबी तुटंल की मंग."

"चांगलं विचारलंत. लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं. एक आतड्यांकडून येणारी मोठी शीर, दुसरी धमनी. लिव्हर जगतं मुख्यतः त्या शिरेवर, पण कॅन्सरची गाठ जगते धमनीवर. म्हणून जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची, गाठीकडं जाणारी नेमकी फांदी शोधायची, तिथं औषध सोडायचं आणि ती फांदी बंद करायची. मोठी शीर उघडी असेल तरच हे करता येतं. यांची उघडी आहे, ते मी बघितलंय. आणि लिव्हर कमजोर असल्यामुळं तेवढी एकच फांदी बंद करायची, जास्त नाही. गेल्या दिवाळीला हे केलं असतं, तर लिव्हर बसलं असतं."

नळीच्या दिवशी आम्ही बाहेर बसलो. जळबा उठून खिडकीपर्यंत जायचा आणि परत यायचा. दाजी बाहेर आले तेव्हा शुद्धीत होते, पाय सरळ ठेवायला सांगितला होता. त्या रात्रीपासून ताप, उजव्या कुशीत दुखणं, मळमळ. नर्स म्हणाली, हे होतंच, गाठ मरताना असा त्रास होतो. पण रक्ताच्या तपासणीत कावीळ थोडी वर सरकली आणि अक्काचं अन्न पुन्हा तुटलं. पहिल्या दिवशी वर, दुसऱ्या दिवशी तेवढीच, मग खाली. खाली आली हे ऐकल्यावर जळबा व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

काही आठवड्यांनी सुई झाली. आधी प्लेटलेट चढवल्या. भूल दिली, सोनोग्राफीत बघत कातडीतून सुई गाठीत नेली आणि टोक तापवून आजूबाजूचा थोडा भाग घेत गाठ जाळली. पोटावर फक्त एक चिकटपट्टी राहिली. दाजींनी ती हात लावून पाहिली आणि विचारलं, "एवढंच?"

महिन्यानं पुन्हा रंगाचा सीटी. निकालाच्या दिवशी बाई पडद्याकडं बघत होत्या आणि आम्ही बाईंच्या चेहऱ्याकडं. "गाठीच्या जागी रंग शिरत नाहीये," त्या म्हणाल्या. "मेलीय ती." अक्का हसलीही नाही, रडलीही नाही. तिनं पुन्हा विचारलं, "पक्कं ना बाई?"

"ही गाठ मेलीय. पण लिव्हर तेच आहे, जनकाबाई. त्यात दुसरी होऊ शकते. दर तीन महिन्यांनी यायचं."

किसनरावांची खबर मधूनमधून मिळायची. ते चांगले आहेत, शेतात जातात. जळबाला पूर्वी त्यांचं नाव काढलं की आठ्या पडायच्या. आता तो विचारतो, "त्यांचीबी सोनोग्राफी चालू हाय का?"

दोन वर्षांनी, लिव्हरच्या वरच्या कडेला, दुसरा एक बारीक ठिपका दिसला. ती दर तीन महिन्यांची सोनोग्राफी होती, म्हणून वेळेत सापडला. गोळी चुकली नव्हती, पोटात पाणी नव्हतं. बाईंनी सगळे आकडे पाहिले आणि सरळ सुईची तारीख दिली. यावेळी आम्ही त्या तारखेच्या आदल्या दिवशीच जाऊन बसलो.

दाजी अजून आहेत. उंचावर चढत नाहीत, जड उचलत नाहीत. गावातल्या पोरांना काम शिकवतात. यादीत नाव आहे, पण लिव्हर अजून निभावतंय म्हणून आज गरज नाही असं बाई म्हणतात. जळबाही रोज गोळी घेतो. त्याची तपासणी दर सहा महिन्यांनी असते, दाजींची दर तीन, म्हणून एक खेप सोडून दोघं एकत्र जातात. हिंगोलीच्या स्टेशनवर अक्का दोघांना सोडायला येते. गाडी आली की दोघांचे डोळे नीट बघून घेते, पांढरे आहेत ना ते.